पाच तारे, पंचावन्न इंच आणि वर्षाचं बिल

काका, आमचा 32 इंची जुना एलसीडी टीव्ही गेला. दुकानात तीन पाहून ठेवलेत, तिन्ही 4के. एक 43 इंची तीन स्टारचा, लेबलवर वर्षाला 118 युनिट. दुसरा 43 इंचीच पण चार स्टारचा, 102 युनिट, किंमत 2,500 रुपये जास्त. तिसरा 55 इंची पाच स्टारचा, 158 युनिट. दुकानदार म्हणतो, "पाच स्टारच घ्या वहिनी, त्या तीन स्टारपेक्षा बिल कमीच येईल." मुलालाही अर्थातच 55 हवाय. त्यात ह्यांनी तीन स्टारवाल्याच्या मागचा स्टिकर वाचला, तिथे 115 वॅट छापलंय. ह्यांचं म्हणणं, लेबल म्हणजे नुसती जाहिरात. आमच्याकडे सकाळच्या बातम्यांपासून सासूबाईंच्या रात्रीच्या मालिकांपर्यंत टीव्ही दहा तास तरी चालतो. महिन्याला 210 च्या आसपास युनिट पडतात. वर्षाला नक्की खर्च किती येईल?
— एक वाचक, कराड

ताई, दुकानदाराला 118 आणि 158 या दोन आकड्यांमधला मोठा कोणता एवढंच विचारा. लेबलवर ताऱ्यांच्या अर्धवर्तुळाखाली जो युनिटचा आकडा असतो, बिलाशी नातं फक्त त्याचं. तारे दुसऱ्याच प्रश्नाचं उत्तर देतात.

तो प्रश्न असा, की या आकाराचा पडदा उजळायला हा टीव्ही वीज किती जपून वापरतो. हे तारे ऊर्जा दक्षता ब्युरोच्या, म्हणजे बीईईच्या नियमांनुसार मिळतात आणि टीव्हीच्या बाबतीत ते पडद्याच्या क्षेत्रफळाच्या हिशोबाने ठरतात. इंच आपण कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत मोजतो म्हणून 43 आणि 55 मध्ये फरक थोडा वाटतो, पण क्षेत्रफळ काढलं तर 43 इंची पडदा साधारण 5,100 चौरस सेंटिमीटर भरतो आणि 55 इंची 8,300 च्या वर जातो. म्हणजे दीडपटीहून जास्त. तेवढा मोठा पडदा मागून उजळवायचा तर वीज जास्त लागणारच. ती पडद्याच्या मानाने कमी लागली म्हणून त्याला पाच तारे मिळाले. एसटीचा ॲव्हरेज एसटीच्या मानाने उत्तम असेल, म्हणून ती तुमच्या स्कूटीपेक्षा कमी इंधन पिते असं होत नाही.

तेव्हा ताऱ्यांची तुलना एकाच मापाच्या दोन टीव्हींमध्येच करा. त्यातही फुल एचडीपर्यंतचे टीव्ही आणि 4के म्हणजे अल्ट्रा एचडी टीव्ही यांची कोष्टकं वेगवेगळी आहेत, म्हणून त्या दोन जातींचे तारेही एकमेकांशेजारी मांडू नयेत. तुमचे तिन्ही 4के आहेत, ती अडचण नाही. युनिटचा आकडा मात्र कुठल्याही दोन टीव्हींमध्ये थेट ताडून पाहता येतो. दोन्हीकडे तो एकाच रीतीने काढलेला असतो.

ही रीत माहीत असायला हवी, कारण तुमच्या घरात गफलत नेमकी तिथेच होणार आहे. लेबलचा वार्षिक आकडा काढताना टीव्ही रोज 6 तास चालू आणि उरलेले 18 तास स्टँडबायवर, म्हणजे रिमोटने बंद पण भिंतीवरचं बटण चालू, असं धरतात. तुमचा टीव्ही दहा तास चालतो. लेबलवरचे 118 तुमच्या घराचे नाहीतच, ते सहा तास टीव्ही बघणाऱ्या कुणाचे तरी आहेत.

तुमचे काढायचे तर एक सोपी युक्ती आहे. लेबलच्या आकड्याला 6 ने भागा आणि आपल्या तासांनी गुणा. 118 भागिले 6, गुणिले 10, आले साधारण 197 युनिट. चार स्टारचे तसेच 170 आणि 55 इंचीचे 263. यात स्टँडबायची वीजही उगाच तासांबरोबर वाढते, म्हणून उत्तर तीनेक युनिटांनी फुगतं. अचूकच हवं असेल तर 118 युनिटांचे 1,18,000 वॅट-तास करा आणि 365 ने भागा, दिवसाचे 323 आले. स्टँडबायला अर्धा वॅट धरला तर 18 तासांचे 9 वजा जातात, उरतात 314. त्याला 6 ने भागलं की 52 वॅट. हा टीव्ही चालू असताना चाचणीत सरासरी एवढी वीज घेतो. हे 52 एका कागदावर लिहून ठेवा, पुढे उपयोगी पडतील.

आता मिस्टरांचे 115 वॅट. स्टिकर खोटा नाही आणि लेबलही खोटं नाही. मागचा आकडा म्हणजे टीव्ही जास्तीत जास्त किती ओढू शकतो, ते. पडदा पूर्ण उजेडात, आवाज टोकाला, यूएसबीच्या खाचेला पेनड्राइव्ह किंवा हार्ड डिस्क लावलेली, असं सगळं एकदम झालं तर. वायर आणि प्लग केवढ्या ताकदीचे हवेत हे ठरवायला तो आकडा लागतो. त्यावर वर्षाचं बिल काढलं तर दहा तासांचे 420 युनिट येतात, म्हणजे खऱ्याच्या दुप्पट. मी वायरिंगची कामं करायचो तेव्हा अशा स्टिकरवरून हिशोब करून घाबरलेली बरीच मंडळी भेटायची. वीजबिल त्या आकड्यावर कधीच काढायचं नसतं.

युनिट हातात आले, आता रुपये. इथे लोक हमखास चुकतात. बिलाची एकूण रक्कम घ्यायची, एकूण युनिटांनी भागायची आणि आला तो आपला दर समजायचा. तुमच्यासारख्या घराला तो दहा-अकराच्या आसपास येईल. पण टीव्हीच्या युनिटला तुम्ही तो दर देत नाही.

महावितरणच्या घरगुती बिलात पहिल्या 100 युनिटांना एक दर, 101 ते 300 ला त्याच्या दुपटीहून जास्त, 301 ते 500 ला त्याहून चढा, अशी पायरी असते. तुम्ही 210 ला आहात. टीव्ही थोडा कमी चालवला तर युनिट वरून, दुसऱ्या पायरीतूनच सुटतात आणि जास्त चालवला तर त्याच पायरीत भरतात. पहिले शंभर तुमच्या फ्रिज-पंख्यांनी केव्हाच खाल्लेले असतात. म्हणून टीव्हीच्या युनिटला दर लावायचा तो दुसऱ्या पायरीचा.

बिलाच्या मागच्या बाजूला किंवा मोबाइलवर आलेल्या बिलात 'वीज आकार'चा तक्ता असतो. त्यात 101-300 समोरचा दर पाहा. त्यात प्रत्येक युनिटला लागणारा 'वहन आकार' मिळवा. त्या महिन्यात 'इंधन समायोजन आकार' असेल तर तोही. आलेल्या बेरजेवर 16 टक्के 'वीज शुल्क' चढवा. 'स्थिर आकार' मात्र यात धरू नका, टीव्ही असो नसो, तो द्यायचाच आहे. दर आयोगाच्या आदेशाने बदलत राहतात, म्हणून तुमच्या ताज्या बिलावरचे आकडे घ्या. मी उदाहरणापुरता सगळं धरून युनिटला 13 रुपये घेतो, गेल्या एक-दोन वर्षांत दुसऱ्या पायरीचा हिशोब त्याच्या आसपासच येत आलाय.

मग 43 इंची तीन स्टारचे 197 युनिट म्हणजे वर्षाला 2,561 रुपये. चार स्टारचे 170 म्हणजे 2,210. 55 इंचीचे 263 म्हणजे 3,419.

उन्हाळ्यात कूलर किंवा एसीमुळे 300 च्या पुढे गेलात तर त्या महिन्यांत हेच युनिट तिसऱ्या पायरीला जातात आणि दर तीन ते पाच रुपयांनी वाढतो. उलट तुमच्या एखाद्या नणंदेच्या घरी टीव्ही धरून महिन्याला 85 च युनिट पडत असतील, तर तिला हाच टीव्ही युनिटला सातच्या आसपास पडेल, म्हणजे तुमच्या निम्म्यात. म्हणून शेजारणीने सांगितलेला टीव्हीचा खर्च आपल्या घराला लावू नका, तासही वेगळे आणि पायरीही वेगळी.

आता चार स्टारला 2,500 जास्त द्यायचे का? वर्षाला वाचतात 351 रुपये. पैसे वसूल व्हायला सात वर्षं लागतील, तीही तुम्ही रोज दहा तास बघत राहिलात तर. सहाच तास बघणाऱ्याला 16 युनिटांचे 208 रुपये वाचतील आणि त्याला बारा वर्षं थांबावं लागेल. तेवढ्यात टीव्हीचं सॉफ्टवेअर म्हातारं झालेलं असतं, ॲप उघडेनाशी होतात. माझं मत विचाराल तर केवळ विजेसाठी हे 2,500 देऊ नयेत. दुकानदाराने फरक हजारावर आणला तर मात्र चार स्टारच घ्या, तीन वर्षांत फिटेल.

आणि मुलाची बाजूही ऐकून घ्या. 55 इंची घेतला तर वर्षाला 858 रुपये जास्त, म्हणजे महिन्याला 70-72. दुकानदाराने सांगितलं तसं बिल कमी होणार नाही, पण फार मोठा खड्डाही पडणार नाही. तुमचा जुना एलसीडी जर पडद्यामागे नळ्या असलेल्या पिढीतला असेल तर तो 32 इंचीच शंभर वॅटच्या आसपास घेत असणार. दहा तासांनी वर्षाचे 365 युनिट. त्याच्या मानाने हे तिन्ही टीव्ही कमीच खातील, 43 इंची तीन स्टार घेतला तरी महिन्याचे 14 युनिट उतरायला हवेत. 55 मध्ये अडचण दिसतेच ती टीव्हीच्या किमतीची आणि भिंतीपासून सोफ्याच्या अंतराची. ते घर मी पाहिलेलं नाही.

हे सगळं लेबलवर विसंबून झालं. घरी आल्यावर टीव्ही खरंच तेवढीच वीज घेतो का, हे मोजता येतं आणि त्याला एक पैसाही लागत नाही. तुमच्या वीजमीटरवर एक बारीक लाल दिवा लुकलुकत असतो. त्याच्याजवळ छापलेलं असतं, `3200 imp/kWh`, किंवा 1600, किंवा दुसरा काही आकडा. म्हणजे एका युनिटला तो दिवा तितक्या वेळा लुकलुकतो. घरातलं बाकी सगळं बंद करा, फ्रिज आणि इन्व्हर्टरसुद्धा. टीव्ही चालू ठेवा, सेट-टॉप बॉक्सचा प्लग काढा आणि मोबाइलच्या हॉटस्पॉटवरून टीव्हीवरच्याच एखाद्या ॲपवर नेहमीसारखं काहीतरी लावा. दहा मिनिटं दिव्याचे लुकलुकणे मोजा. मीटर 3200 चा असेल तर आलेल्या संख्येला 1.875 ने गुणा, वॅट मिळतात. 1600 चा असेल तर 3.75 ने.

मी हे माझ्या घरी केलं होतं. माझाही 43 इंचीच आहे, लेबलवर 110 युनिट, म्हणजे वरच्या रीतीने 49 वॅट. नातू मीटरपाशी वहीत रेघा मारत उभा आणि मी आत टीव्हीसमोर. 'स्टँडर्ड' चित्रावर दहा मिनिटांत 29 रेघा आल्या, 54 वॅट. ठीक, लेबलच्या जवळपास. मग 'व्हिव्हिड' लावला, तर 43 रेघा. 81 वॅट! तोच टीव्ही, तीच मालिका, फक्त रंग भडक आणि उजेड पूर्ण. 'सिनेमा'वर 22 रेघा आल्या, 41 वॅट. चित्र थोडं पिवळट वाटलं, दोन दिवसांत डोळ्यांना सवय झाली.

हा फरक तीन स्टार आणि चार स्टारमधल्या फरकापेक्षा कितीतरी मोठा आहे, बघा. लेबलची चाचणी टीव्ही घरगुती वापराच्या मोडवर ठेवून होते. दुकानात मात्र सगळे टीव्ही ट्यूबलाइटच्या झगझगाटात उठून दिसावेत म्हणून भडक मोडवर लावलेले असतात. नवा टीव्ही पहिल्यांदा सुरू केला की तो विचारतो, घरी वापरणार की दुकानात. बसवायला आलेला मुलगा घाईत 'स्टोअर' दाबून गेला तर टीव्ही वर्षानुवर्षं दुकानातच असल्यासारखा तळपत राहतो. तो मुलगा असतानाच 'होम' निवडलंय ना, हे बघून घ्या. तीन स्टारच्या टीव्हीने व्हिव्हिडवर 52 ऐवजी 80 वॅट घेतले तर दहा तासांनी वर्षाला शंभरेक युनिट जास्त जातील. तेराच्या दराने ते 1,300 रुपये होतात.

मोजताना आकडा लेबलच्या दुप्पट आला आणि चित्राचा मोड ठीक असेल, तर आधी घरात दुसरं काहीतरी चालू राहिलंय का ते शोधा. बहुतेक वेळा कुठलातरी चार्जर किंवा वायफायचा राउटर सापडतो. टीव्हीचं बटण बंद करूनही दिवा लुकलुकत राहिला, तर समजायचं की टीव्हीचा दोष नाही.

अजून एक गोष्ट लेबलमध्ये नाही, ती म्हणजे सेट-टॉप बॉक्स. लेबल टीव्हीपुरतं असतं. बॉक्स साधारण दहा वॅट घेतो, आणि यातली गंमत, खरं तर चीड आणणारी गोष्ट अशी, की बऱ्याच बॉक्सांमध्ये रिमोटने बंद केल्यावर फक्त समोरचा दिवा रंग बदलतो, वीज जवळपास तेवढीच जात राहते. चोवीस तासांचे वर्षाला 88 युनिट झाले. तुमच्या दराने 1,144 रुपये. टीव्ही बघता त्या दहा तासांपुरताच चालू ठेवला तर 37 युनिट, म्हणजे वर्षाला 660 च्या वर रुपये सुटतात, चार स्टारवाल्याने वाचवले असते त्याच्या जवळपास दुप्पट. तुमचा बॉक्स किती घेतो हेही त्याच लाल दिव्यावर कळेल, टीव्ही बंद करून नुसता बॉक्स 'रिमोटने बंद' ठेवा आणि मोजा. संख्या लहान असते, म्हणून इथे अर्धा तास मोजा आणि आलेल्या संख्येला 3200 च्या मीटरसाठी 0.625 ने गुणा. सोळा लुकलुकणी आली तर दहा वॅट.

टीव्ही घ्यायला जाल तेव्हा लेबलचा फोटो काढून आणा आणि त्यावर टीव्हीचा मॉडेल क्रमांक वाचता येतोय का ते बघा. ऑनलाइन घेणार असाल तर जाहिरातीत कित्येकदा नुसते तारेच दाखवतात, युनिट नाही. अशा वेळी मोबाइलवर `BEE Star Label` नावाचं सरकारी ॲप आहे, त्यात मॉडेल शोधून वार्षिक युनिट पाहता येतात. लेबलवरचं वर्षही वाचा. ताऱ्यांचे निकष अधूनमधून कडक होतात, तेव्हा जुन्या साठ्यातल्या टीव्हीचे चार तारे आणि नव्याचे चार तारे सारखे असतीलच असं नाही. युनिटचा आकडा तिथेही फसवत नाही.

बॉक्सचं बटण सहसा टीव्हीमागे किंवा खाली जमिनीलगत असतं, आणि सासूबाईंना रोज रात्री वाकून ते दाबायला सांगणं बरं नाही. टीव्ही बसवतानाच इलेक्ट्रिशियनकडून तो प्लग वेगळा काढून त्याचा स्विच सोफ्याशेजारच्या बोर्डवर, हात पोचेल असा घ्या. दोन-तीन मीटर वायर आणि एक स्विच लागेल. बॉक्सला पुन्हा सुरू व्हायला मिनिटभर लागतं, एवढं त्यांना आधी सांगून ठेवा, नाहीतर दुसऱ्या दिवशी सकाळी टीव्ही बिघडला म्हणून तुम्हालाच हाक येईल.